कोरियन वेबतून ॲप : कॅश, तिकीट आणि "थांबा, फुकट मिळेल" हे नक्की कसं चालतं?

शेवंता_सुवोन (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या सुवोनला आहे, कोरियन शिकतेय आणि बाईंनी सांगितलं की पुस्तकापेक्षा वेबतून, म्हणजे फोनवरची कॉमिक, वाच, बोलीभाषा लवकर येईल. तर ॲप घेतलं, इथला नंबर असल्यामुळे खातं पण लगेच झालं, भाषा समजतेय हळूहळू, पण हिशोब काही केल्या समजत नाहीये. कुठल्या ॲपवर वाचते ते मुद्दाम लिहीत नाही, तक्रार करायची नाहीये, फक्त समजून घ्यायचंय.

तीन प्रश्न आहेत. एक, मालिकेवर लिहिलंय २४ तास थांबलं की एक एपिसोड फुकट. परीक्षेच्या आठवड्यात मी ॲप उघडलंच नाही, म्हटलं छान, साठले असतील, आरामात वाचू. उघडलं तर एकच! बाकीचे कुठे गेले? दोन, जो एपिसोड मी मागच्या आठवड्यात वाचला होता तो परत उघडायला गेले (एक वाक्य वहीत उतरवून घ्यायचं होतं) तर त्याला कुलूप. तीन, मला "गिफ्ट" म्हणून काही तिकिटं मिळाली होती, ती दुसऱ्या मालिकेला चालतच नाहीत. मग कॅश आणि तिकीट यात फरक काय, आणि पैसे भरायचेच झाले तर कशावर भरायचे?

फुकट_फौजदार

सोप्पं आहे हो. पैसे भरूच नका. ही सगळी ॲप्स एपिसोड आधी पैशात विकतात आणि थोडे दिवस थांबलं की तोच सगळ्यांना फुकट होतो. मी इंग्लिश वेबतून ॲपवर कित्येक मालिका अशाच वाचल्यात, एक छदाम दिला नाही. पुढचे तीन-चार एपिसोड कॉइन लावून आधी वाचता येतात, घाई असेल त्यानं लावावेत, आपण गुरुवारची वाट बघायची.

चिंतू_पाटील

कोरियात तिकिटाचा त्रास मला पण झाला होता मागे सोलला ऑफिसच्या कामासाठी गेलो तेव्हा. मेट्रोला टी-मनी कार्ड घ्या आणि दुकानातून रोख भरून घ्या, सगळीकडे चालतं, बसला पण. सिंगल तिकिटाच्या भानगडीत पडूच नका, उतरल्यावर डिपॉझिट परत घ्यायला मशीन शोधत बसावं लागतं.

शेवंता_सुवोन

चिंतू, धन्यवाद, कार्ड आहे माझ्याकडे 😄 पण हे कॉमिक वाचायचं तिकीट आहे.

चिंतू_पाटील

अरे बापरे, कॉमिकला तिकीट? मग माझा पास.

हान_नदीकाठ

शेवंता, इथे बरीच वर्षं आहे आणि ही ॲप्स रोज वापरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फौजदार म्हणतात ते खोटं नाही, पण ते वेगळ्या पद्धतीबद्दल बोलतायत, आणि नेमकं या दोन पद्धतींची गल्लत झाली की सगळा घोळ होतो.

इंग्लिश वेबतून ॲपवरचा फास्ट पास किंवा इथे नेव्हरच्या वेबतून ॲपवरचं "आधी बघा" यात वाट बघणं हे कॅलेंडरवर असतं. एपिसोड अमुक तारखेला सगळ्या जगासाठी खुला होणार, तुम्ही ॲप उघडा नाहीतर उघडू नका, तारीख आली की तो खुला. तुमच्या मालिकेवर आहे ते वेगळं. तिथे स्क्रीनवर 기다리면 무료, म्हणजे थांबलं तर फुकट, असं दिसत असेल, लोक बोलताना त्याचं गिदामु करतात. ही पद्धत काकाओपेज या इथल्या ॲपनं २०१४ मध्ये आणली. ॲप २०१३ ला सुरू झालं होतं आणि सुरुवातीला काही चालत नव्हतं. तेव्हा इथे आनीपांग नावाच्या मोबाइल गेमचं वेड होतं, त्यात खेळायला हृदयं लागायची, संपली की पैसे द्या नाहीतर घड्याळ लावून बसा. कल्पना तिथून उचलली. म्हणजे गिदामु हे कॅलेंडर नाही, तुमचं स्वतःचं घड्याळ आहे, आणि ते प्रत्येक मालिकेचं वेगळं.

आता तुझा पहिला प्रश्न. हे घड्याळ गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखं आहे. टाकी भरली की पाणी आपोआप बंद, तू नळ उघडेपर्यंत पुढचा थेंब येत नाही. टाकीत मावतं फक्त एक तिकीट. ते तू वापरलंस की त्या क्षणापासून पुढचे २४ तास मोजायला सुरुवात होते. परीक्षेच्या आठवड्यात तुझं एक तिकीट पहिल्याच दिवशी तयार झालं आणि तसंच बसून राहिलं, घड्याळ थांबलेलं होतं. काही गेलं नाही, कारण बाकीचे तयारच झाले नव्हते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण यातच आहे. घड्याळातून मिळतं ते भाड्याचं तिकीट. स्क्रीनवर 대여 लिहिलेलं असतं ते भाड्याचं आणि 소장 म्हणजे कायमचं. भाड्यानं उघडलेला एपिसोड ठरलेली मुदत संपली की बंद होतो, बऱ्याच ठिकाणी ती ३ दिवस असते. परत उघडायचा तर परत एक तिकीट. तुला वाक्यं उतरवून घ्यायची असतील तर वाचतानाच घे.

फुकट_फौजदार

पण शेवटी फुकटच ना? मग फरक काय पडला. रोज एक, धीर धरा.

हान_नदीकाठ

फरक दोन ठिकाणी पडतो.

एक तर शेवटचे काही एपिसोड घड्याळातून येतच नाहीत. मालिकेच्या माहितीत लिहिलेलं असतं, सगळ्यात नवीन इतके एपिसोड वगळून. तिथे कितीही थांबलात तरी घड्याळाचं तिकीट लागू होत नाही. मालिका चालू असेल तर दर आठवड्याला नवीन एक आला की जुन्यातला एक घड्याळाच्या बाजूला सरकतो. पण मालिका संपली आणि ते शेवटचे तसेच वगळलेले ठेवले तर तिथे पैसेच द्यावे लागतात. शेवट वाचायला लोक पैसे देतातच हे कंपनीला पक्कं माहीत आहे.

दुसरं म्हणजे नेव्हरवर उलटा प्रकार होतो. मालिका चालू असताना ती दर आठवड्याला सगळ्यांना फुकट असते, पण पूर्ण झाली की बऱ्याच मालिकांचे मागचे एपिसोड पैशाच्या किंवा रोज-एक च्या कप्प्यात टाकतात. म्हणजे "संपू दे, मग एकदम वाचू" म्हणून थांबणाऱ्याला ते महागात पडतं. तुम्ही जी सवय सांगताय ती चालू मालिकेला चालते, संपलेल्याला नाही.

फुकट_फौजदार

हे मात्र पहिल्यांदाच ऐकतोय. तरी पण मी कॉइन घेणार नाही 😎

लेखणी_आणि_लॅपटॉप

प्रश्न बाजूला राहू द्या, या फुकट एपिसोडचे चित्रकाराला काही मिळतात का हो? मी स्वतः चित्रं काढते म्हणून विचारते.

हान_नदीकाठ

हा इथे जुना वाद आहे. लेखकांच्या संघटना बरीच वर्षं ओरडतायत की कमिशन आणि आगाऊ रकमेची वसुली यात आमच्या हाती थोडकंच उरतं, आणि फुकट वाचनाचा फायदा ॲपला. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये संसदेच्या वार्षिक चौकशीत काकाओपेज चालवणाऱ्या काकाओ एंटरटेनमेंटच्या प्रमुखांना बोलावून हेच विचारलं होतं. कंपन्यांचं म्हणणं असं की फुकट वाचणारा नंतर पैसे देणारा होतो, त्यामुळे एकूण गल्ला वाढतो. करार प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे एकच उत्तर नाही.

लेखणी_आणि_लॅपटॉप

म्हणजे "एक्स्पोजर मिळेल" हे तिकडे पण आहे तर.

शेवंता_सुवोन

हान_नदीकाठ, किती छान समजावलंत. पहिले दोन प्रश्न कळले. आता तिसरा. आणि माझ्या मालिकेचा हिशोब करून द्याल का? एकूण १२० एपिसोड झालेत, अजून चालू आहे, दर गुरुवारी एक येतो. पहिले ५ सगळ्यांना खुले आणि सगळ्यात नवीन १० घड्याळातून वगळलेले. भाडं ३०० कॅश, कायमचा ५०० कॅश. मी पाचच्या पुढे नुकतीच गेलेय.

हान_नदीकाठ

घे, करूया.

१२० मधून ५ आणि १० गेले, घड्याळाला उरले १०५. रोज एक धरला तर १०५ दिवस. पण तेवढ्या दिवसांत मालिका थांबत नाही ना, दर आठवड्याला एक सरकून घड्याळाच्या बाजूला येणार. म्हणजे १०५ दिवसांत आणखी १५ आले, ते वाचायला १५ दिवस, त्यात अजून दोन आले. साधारण १२२-१२३ दिवसांनी तू काठाला पोचशील, म्हणजे चार महिने. तिथून पुढे आठवड्याला एक, आणि कायम बाकीच्यांपेक्षा दहा आठवडे मागे. कॉमेंट वाचायची सवय असेल तर सोडून दे, सगळा शेवट आधीच कळेल.

आणि हे चार महिने तेव्हाच, जेव्हा तिकीट तयार झाल्या झाल्या तू वापरशील. तसं होत नाही. आज रात्री ९ ला उघडलंस, उद्या ९ ला तयार, पण तू जेवून भांडी आवरून १० ला उघडलंस की परवा १० ला तयार. असं सरकत सरकत मध्यरात्र होते, मग एक दिवस झोप लागते आणि तो गेला. जपानमध्ये काकाओचंच पिक्कोमा ॲप आहे, तिथे याच पद्धतीत घड्याळ २३ तासांचं ठेवलंय. एक तास कमी, त्यामुळे रोज त्याच वेळी लोकलमध्ये वाचणाऱ्याचं गणित चुकत नाही. तुझं २४ तासांचं आहे, म्हणून सकाळची वेळ धर. सकाळचं सरकून दुपारी आलं तरी दिवस वाया जात नाही.

२०२२ पासून काकाओपेजवर काही मालिकांना तीन तासांचं घड्याळ पण आहे. ते असतं तर दिवसाला कागदावर आठ, प्रत्यक्षात झोप-कामधाम धरून पाचेक. १०५ एपिसोड तीन आठवड्यांत. त्यामुळे मालिका निवडतानाच घड्याळ किती तासांचं आहे ते बघायचं, अगदी एकच कथा दोन ॲपवर असेल तरी.

आता तिकीट आणि कॅश. कॅश म्हणजे तुझे पैसे, त्या ॲपमध्ये कुठल्याही मालिकेवर चालतात. तिकीट हे एका मालिकेच्या नावानं फाडलेलं असतं, म्हणून गिफ्टचं दुसरीकडे चालत नाही. शिवाय गिफ्ट तिकिटाला आणि बोनस म्हणून मिळालेल्या कॅशला मुदत असते, विकत घेतलेल्या कॅशपेक्षा बरीच कमी. तिकिटांची यादी उघडलीस की प्रत्येकाच्या खाली तारीख दिसेल. आधी मुदत संपणारं वापर, विकतचं शेवटी.

विदर्भी_वाघ

माझी केस सांगतो. मी नागपूरचा, एका ॲपवर (नाव राहू द्या) इंग्रजीत वाचत होतो, रात्री दोनला एपिसोड असा तोडला की झोपच येईना. "पुढे" दाबत गेलो दाबत गेलो, सकाळी बघतो तर कॉइन सगळे साफ. मला वाटत होतं की रोजचा फुकटवाला वापरतोय. विचारलंच नाही त्यानं!

हान_नदीकाठ

विचारलं असणार, एकदा. त्या पहिल्या खिडकीत खाली एक बारीक चौकट असते, पुढच्या वेळी विचारू नका अशा अर्थाची. घाईत तिच्यावर टिक राहते आणि मग "पुढे" दाबलं की आधी तिकीट जातं, तिकीट संपलं की कॅश. सेटिंगमध्ये आपोआप वापरा/आपोआप खरेदी असं काहीतरी असतं, ते बंद करा. बंद केल्यावर दर एपिसोडला खिडकी येते, कंटाळा येतो, पण तीच हवी. खिडकीत कुठलं तिकीट लागणार तेही दिसतं, भाड्याचं का कायमचं ते वाचूनच दाबायचं.

विदर्भी_वाघ

केलं बंद. पण गेलेले परत मिळतील का?

कायद्याचं_बोला

उघडलेल्या एपिसोडचे विसरा. कोरियात ऑनलाइन खरेदीच्या कायद्यात घेतल्यापासून ७ दिवसांत परत करायचा हक्क आहे, पण तो न वापरलेल्या कॅशला. वाचून झालेला एपिसोड परत कसा करणार? तुम्ही तर नागपुरातून प्ले स्टोअरनं घेतले म्हणजे तिथले नियम, वेगळंच प्रकरण. एकच सांगतो, रक्कम कमी असेल तर नाद सोडा, आणि मुलांच्या हातात फोन देत असाल तर प्ले स्टोअरला प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा.

विदर्भी_वाघ

मुलं नाहीत, मीच आहे 🙃

शेवंता_सुवोन

😂😂 बरं, मग मी पैसे भरले तर नेमके कुठे? चार महिने थांबायला माझी हरकत नाही, अभ्यासच आहे, रोज एक पुरे. पण दहा आठवडे मागे राहणं जमणार नाही, क्लासमधल्या पोरी पुढचं बोलत असतात.

हान_नदीकाठ

मग सरळ आहे. मधले सगळे घड्याळानं वाच, आणि काठाला पोचलीस की तेव्हाचे शेवटचे १० भाड्यानं घे. ३०० प्रमाणे ३,००० कॅश. आत्ता घेऊ नकोस. आत्ताचे शेवटचे १० तू पोचेपर्यंत घड्याळाच्या बाजूला गेलेले असतील, ते तुला तसेही फुकट मिळणार आहेत. लोक इथेच पैसे घालवतात, ऑफर दिसली की पुढचे एपिसोड आधी घेऊन ठेवतात. त्या दहानंतर दर गुरुवारी ३०० कॅश, महिन्याला साधारण १,२०० ते १,५००.

तुलना हवी असेल तर आत्ता उरलेले सगळे ११५ भाड्यानं घेतले तर ३४,५०० कॅश, कायमचे घेतले तर ५७,५००. कायमचं फक्त त्याच एपिसोडचं घे जे तुला पुन्हा पुन्हा वाचायचेत. आणि कायमचं हे पण ॲप आणि मालिकेचा करार असेपर्यंतच, पीडीएफ हातात देत नाहीत.

आणि कॅश कुठून घेतेस ते बघ. फोनवरच्या ॲपमधून घेतली तर महाग, ब्राउझरमधून त्यांच्या साइटवर लॉगिन करून घेतली तर स्वस्त. २०२२ च्या जूनमध्ये गूगलनं ॲपमधली डिजिटल खरेदी आपल्याच पेमेंट व्यवस्थेतून करायची सक्ती केली तेव्हा काकाओपेजनं अँड्रॉइडवर १,००० कॅशला १,००० वॉन पडायचे त्याचे १,२०० केले, नेव्हरनं एका कुकीचे, म्हणजे त्यांच्या कॉइनचे, १०० चे १२० केले. आयफोनवर आधीपासूनच तसं होतं. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी कोरियानं या सक्तीविरुद्ध कायदा केला होता, जगात पहिला. तरी वाचकाला २० टक्के जास्तच पडले. साइटवर जुनाच भाव राहिला. तर त्या भावानं तुझे ३,००० कॅश ॲपमधून ३,६०० वॉन, साइटवरून ३,०००. खातं तेच, कॅश फोनवर लगेच दिसते. ॲप वेगळं असेल तर आकडे वेगळे, पण दोन्हीकडचा भाव एकदा शेजारी ठेवून बघच.

मराठमोळी_मान्ह्वा

मी पुण्यात आहे, कोरियन येतं, मला हे कोरियन ॲप इथून वापरता येईल का? इंग्रजीत ती मालिका ५० एपिसोड मागे आहे.

हान_नदीकाठ

ॲप उघडतं, बरंच फुकटचं दिसतंही. अडतं दोन जागी. काही मालिकांचे हक्क कोरियापुरतेच असतात, त्या परदेशातून उघडत नाहीत. आणि १९ वर्षांवरच्या मालिकांना ओळख पटवायला इथला मोबाइल नंबर तुमच्या नावावर लागतो.

फुकट_फौजदार

व्हीपीएन टाका.

हान_नदीकाठ

टाका, पण त्या खात्यात कॅश ठेवू नका. खातं अडकलं तर कुणाला सांगणार.

मराठमोळी_मान्ह्वा

मग इंग्रजीतच वाचते. तिथे डेली पास आहे ना, तो गिदामुच का?

हान_नदीकाठ

चुलत भाऊ. तो मुख्यतः पूर्ण झालेल्या मालिकांना असतो, दिवसाला एक, न वापरलेला साठत नाही, आणि पासनं उघडलेला एपिसोड काही दिवसांनी परत बंद होतो, कॉइननं उघडलेला उघडा राहतो. टॅपास या दुसऱ्या इंग्रजी ॲपवर इंक नावाचं चलन आहे, तिथे पण थांबून फुकटवाल्या मालिका आहेत. टॅपास २०२१ पासून काकाओचंच. म्हणून पद्धत ओळखीची वाटेल.

शेवंता_सुवोन

आत्ता तिकिटांची यादी उघडली. गिफ्टच्या तिकिटांतली दोन रविवारी संपतायत. ती त्या दुसऱ्याच मालिकेची आहेत, जी मी अजून सुरूच केली नाही, हत्ती आणि राजकुमारी असं काहीतरी आहे मुखपृष्ठावर. वापरून टाकू का?

हान_नदीकाठ

आधी त्या मालिकेचे सगळ्यांना खुले असलेले पहिले एपिसोड वाच. आवडली तर शनिवारी रात्री दोन्ही तिकिटं वापर, भाड्याची मुदत तिथून मोजली जाते म्हणजे मंगळवारपर्यंत वाचायला वेळ मिळेल. आणि घड्याळाचं तिकीट तयार असेल तर खिडकीत नीट बघ, ते आधी लागत नाहीये ना. ते उद्याही राहील, गिफ्टचं नाही.

फुकट_फौजदार

बघा, शेवटी फुकटच.

लेखणी_आणि_लॅपटॉप

फौजदार, तुमच्यामुळेच आम्हा चित्रकारांची ही अवस्था 😤

शेवंता_सुवोन

हत्तीवाली सुरू केली. पहिल्याच एपिसोडमध्ये सासू आहे आणि ती काय बोलते ते मला डिक्शनरीशिवाय कळलं. त्यावर वेगळा धागा काढते.